एसटी ड्रायव्हर दादा आणि त्यांचा डबा

मी पुण्यात डाएटिशियन आहे. माझ्याकडे येणारे निम्मे लोक कॅलरी मोजून मोजून कंटाळलेले असतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, कारण आपल्या घरच्या जेवणाच्या कॅलरी मोजायच्या तरी कशा? आमटीत गूळ किती, फोडणीला तेल किती, वाटी केवढी, हे रोज बदलतं. पॅकेटवर छापलेला आकडा वाचणं वेगळं आणि गवारीच्या भाजीचा आकडा काढणं वेगळं. एसटीवर ड्रायव्हर असलेले एक दादा असेच आले होते, वय पंचेचाळीसच्या पुढे, पोट सुटलेलं, शुगर बॉर्डरवर, गोळ्या अजून नव्हत्या. मोबाईलमध्ये अॅप होतं, त्यात पहिले काही दिवस सगळं नीट भरलेलं आणि पुढे रिकामं. म्हणाले, "मॅडम, हिला विचारतो तेल किती घातलं तर ती म्हणते पळी दाखवू का?"

मी त्यांना काय खाता हे विचारलंच, पण त्याआधी किती वेळात खाता ते विचारलं. त्यांना सांगता येईना, म्हणून म्हटलं पुढच्या वेळी दुपारचा डबा घेऊन इकडेच या, माझ्यासमोर जेवा.

आले. डबा चार पुडाचा, चार पोळ्या, फ्लॉवर बटाटा, आमटी, भात, वर मिरचीचा ठेचा. मी एवढंच सांगितलं की स्टँडवर जेवता तसंच जेवा, मी मध्ये थांबवेन तिथे थांबा. आणि घड्याळ लावलं.

दोन पोळ्या संपायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी जवळून बघत होते. पोळीचा मोठा तुकडा, त्यात भाजी गुंडाळून तोंडात, आणि तो घास तोंडात असतानाच हात पुढच्या घासाला लागलेला. चावणं म्हणजे चार-पाच वेळा, मग आमटीचा घोट घेऊन खाली ढकलायचं. ही आमटीची सवय बघा, खूप जणांना असते. ओलं आणि मऊ अन्न चावायची गरज पडत नाही म्हणून सटकन आत जातं, त्यामुळे आमटीत कुस्करलेली पोळी किंवा आमटी-भात हा आपल्याकडचा सगळ्यात वेगाने संपणारा प्रकार आहे.

तिथे थांबवलं. विचारलं, पोट काय म्हणतंय? शून्य म्हणजे कडकडीत भूक आणि दहा म्हणजे तडस, तर आता कितीवर? म्हणाले, "तीन असेल, अजून काहीच नाही वाटत."

मग डबा तसाच ठेवून आम्ही गप्पा मारल्या. ते घाई का करतात हे तिथेच कळलं. लांब पल्ल्याच्या गाडीला स्टँडवर थांबा मिळतो तो थोडाच, त्यात नोंद करायची, पॅसेंजर काचेवर टकटक करतात, म्हणून डबा संपवूनच उठायचं ही वर्षानुवर्षांची सवय. आणि हाच वेग मग रात्री घरीही, जिथे कुणी बोलवत नसतं.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. परत विचारलं, आता कितीवर? ते थांबले, पोटावर हात ठेवला (हे लोक आपोआप करतात) आणि म्हणाले, "सहा. असं कसं काय, मी तर काही खाल्लं नाही मधे." पुढे पोळी हळू खायला लावली, म्हणजे घास तोंडात असताना हात रिकामा ठेवायचा, तुकडा निम्मा करायचा आणि आमटी घास गिळून झाल्यावरच. तिसरी पोळी संपली आणि चौथी त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली, भात दोन घास खाऊन डब्याचं झाकण लावलं. मी एक शब्द बोलले नव्हते.

याचं कारण त्यांना सांगितलं तेच इथे सांगते. पोट ताणलं गेलं की त्याची खबर नसांमधून मेंदूकडे लवकर जाते, पण "पुरे" हा खरा निरोप आतड्याकडून येतो. अन्न जठरातून पुढे आतड्यात उतरायला लागलं की तिथून काही हार्मोन्स रक्तात सुटतात आणि त्यांचा जोर चढायला साधारण पंधरा-वीस मिनिटं जातात. सात मिनिटांत जेवण संपवणारा माणूस हा निरोप पोचायच्या आतच ताट पुसून उठलेला असतो, आणि मग अर्ध्या तासाने म्हणतो की जास्त झालं. ग्रीसमध्ये एक प्रयोग झाला होता, २०१० मध्ये छापून आला, त्यात तीच माणसं, तेवढंच ३०० मिली आईस्क्रीम, एकदा पाच मिनिटांत आणि एकदा अर्ध्या तासात खायला दिलं, तर हळू खाल्लं तेव्हा यातली दोन हार्मोन्स रक्तात जास्त सापडली.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना ठासून सांगते. ढेकरावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडे ढेकर म्हणजे पोट भरलं असं मानतात, पण भराभर खाताना हवा गिळली जाते आणि ढेकर त्या हवेचा असतो, तो दुसऱ्या पोळीलाही येऊ शकतो आणि तडस लागेपर्यंत येणारही नाही. मी बघायला सांगते ते वेगळं. पहिल्या घासाची चव जेवढी तीव्र होती तेवढी आता लागते का, पुढच्या घासाकडे हात आपोआप जातोय की ओढावा लागतोय, आणि कंबरेचा पट्टा. चव उतरायला लागली की साधारण सहावर आलात असं धरा. सातवर थांबायचं, कारण पोट अजून चढणार असतं.

आता प्रश्न स्टँडचा. थोड्या थांब्यात हळू जेवा हा सल्ला मी देऊच शकत नाही, दिला तर तो माणूस परत येणार नाही. म्हणून डबाच दोनदा भरायला सांगितलं, दोन पोळ्या आणि भाजी एका पुडात, बाकी वेगळ्या डब्यात आणि तो बॅगेत खाली. थांब्याला पहिला संपवायचा. पुढच्या थांब्याला पोटाला विचारायचं, भूक असेल तरच दुसरा उघडायचा. आणि रात्री घरी खरं हळू खायचं, टीव्ही बंद करून. वहिनींना फोनवर बोलले, म्हटलं ताटात एकदम सगळं वाढू नका, आणि दुसऱ्यांदा आग्रह करायच्या आधी थोडं थांबा. त्या म्हणाल्या, "आग्रह नाही केला तर ह्यांना वाटेल मी रागावलेय." त्यावर मी म्हटलं, मग आग्रह काकडीचा करा.

सगळीकडे हे चालतं असं नाही. सहा चमचे साखरेचे चहा दिवसभर असतील तर ते हळू पिऊनही पोट काही बोलत नाही, तिथे चहाच कमी करावा लागतो, आणि दादांना तेच करावं लागलं. झोप अपुरी असली की भुकेचा आकडा फसवा येतो, त्यामुळे नाईट ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी मी तो आकडा धरत नाही. आणि ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या आहेत त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण कमी करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. खाण्याचा आजार होऊन गेलाय अशांना तर मी पोटाचे आकडे लावतच नाही.

दादा काही महिन्यांनी आले तेव्हा वजन थोडंच उतरलं होतं, पण पट्ट्याला एक भोक आत आलं होतं. अॅप काढून टाकलं होतं. दुसरा डबा आठवड्यात बऱ्याचदा तसाच घरी येतो म्हणाले, आणि वहिनी आता पोळ्या मोजून कमी लाटतात.