दोन डझन आंबे आणि बारा माणसांचा रस

गेली अनेक वर्षे मी पुण्यात घरोघरी जाऊन सणासमारंभाचा स्वयंपाक करते. आमरसाचे जेवण असेल तर आंबे यजमान आणतात आणि रस मी काढते, अशी आमची पद्धत आहे. मागच्या मे महिन्यात एका घरी बारा माणसांसाठी रस-पुरीचा बेत होता. आठवडाभर आधी त्या घरच्या काकूंनी फोनवर विचारले, "ताई, दोन डझन हापूस अढीत घातलेत, पुरतील ना?" मी क्षणाचाही विचार न करता "पुरतील" म्हणाले, आणि ते उत्तर अजून माझ्या मनातून जात नाही.

माझा हिशेब मुळात चुकीचा नव्हता. रसाचे जेवण असले की माणशी दोन वाट्या धराव्या लागतात. एक वाटी साधारण दीडशे ग्रॅमची, म्हणजे माणशी तीनशे ग्रॅम आणि बारा जणांना ३ किलो ६०० ग्रॅम. पिकलेला हापूस अडीचशे ग्रॅमचा असेल, तर साल आणि कोय वजा जाता त्यातून दीडशे ग्रॅम रस सहज निघतो. त्यामुळे एका आंब्याला एक वाटी हे माझ्या डोक्यात पक्के बसलेले गणित आहे आणि त्याप्रमाणे चोवीस आंबे नेमके पुरायला हवे होते. मात्र आंबा किती ग्रॅमचा आहे, हेच मी विचारले नव्हते.

सकाळी अढी उघडली तेव्हा रंग आणि वास अप्रतिम होता, पण फळ हातात घेताच मला ते हलके लागले. काट्यावर चोवीस आंबे ४ किलो ४०० ग्रॅम भरले, म्हणजे एक आंबा जेमतेम १८३ ग्रॅमचा. काकूंना आठवत होते की दुकानात हेच आंबे ४ किलो ८०० ग्रॅम भरले होते. त्यात खोट काही नव्हती, कारण आंबा पिकताना त्यातले पाणी उडते आणि कच्च्या फळाचे वजन पिकल्यावर तेवढे राहत नाही.

त्याहून मोठी तूट कोयीची. फळ लहान झाले म्हणून कोय त्या प्रमाणात लहान होत नाही, त्यामुळे लहान आंब्यात गराचा वाटाच कमी असतो. त्यात दोन आंब्यांत साका निघाला. वरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर कोयीजवळ फिकट, स्पंजासारखा, आंबूस गर दिसतो, तो साका. बाहेरून तो कोणालाही ओळखता येत नाही, म्हणून मी रसाचे आंबे नुसते पिळत नाही, आधी प्रत्येकाची एक फोड काढून पाहते. साक्याचा एक आंबा पातेल्यात गेला तर सगळ्या रसाची चव उतरते.

उरलेल्या बावीस आंब्यांच्या साली ७५० ग्रॅम, कोयी १ किलो ८० ग्रॅम आणि रस २ किलो २०० ग्रॅम भरला. शंभरात जेमतेम पंचावन्न. म्हणजे मला १ किलो ४०० ग्रॅम रस कमी पडत होता आणि पाहुणे तासाभरात यायचे होते.

साली आणि कोयी मी पाव लिटर थंड दुधात चोळून घेतल्या आणि ते दूध गाळून रसात मिसळले. सालीला चिकटलेला गर दीडशे ग्रॅम तरी सुटला असेल. दूध धरून चारशे ग्रॅम भरून निघाले, पण याहून जास्त दूध घातले असते तर तो आमरस राहिला नसता. उरलेल्या एक किलोसाठी मी काकूंच्या मुलाला बाजारात पाठवले आणि डझनावर न जाता दोन किलो तयार केशर तोलून आणायला सांगितले. पंचावन्नच्या हिशेबाने १ किलो ८०० ग्रॅम पुरले असते, पण एखादे फळ खराब निघेल म्हणून दोनशे ग्रॅम जास्त धरले. त्यातून १ किलो १०० ग्रॅम रस निघाला. पंगत अर्धा तास उशिरा बसली, रस मात्र सगळ्यांना पुरला.

खाण्यासाठी आंबा डझनावर घेणे मला समजते, पण रसासाठी तो डझनावर विकणे हा मला ग्राहकावर अन्यायच वाटतो, कारण त्या भावात कोयीचे वजन कुठेच दिसत नाही. आता कोणी विचारले तर मी आकडा किलोतच सांगते. पाच माणसांच्या घराला दीड किलो रस लागतो, त्याला २ किलो ७०० ग्रॅम पिकलेले आंबे हवेत, म्हणून पिकायला घालताना तीन किलो घ्यावेत. अडीचशे ग्रॅमचे फळ असेल तर ते बारा होतील, एकशे ऐंशीचे असेल तर सोळा-सतरा.

काकू मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. उलट आंबे आपणच लहान आणले, असे त्या पाहुण्यांना सांगत होत्या, आणि मी आत पुऱ्या तळत ते ऐकत होते. फोनवर वजन विचारायचे काम माझे होते, हे मी त्या दिवशी बाहेर येऊन सांगितले नाही.