आमची वाटचाल: चोपन्न पायऱ्या आणि एक जाहिरात

आमचं ऑफिस रत्नागिरीत, मारुती मंदिरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. एक टेबल, एक कपाट आणि बाहेर प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या. जुन्या फ्लॅटांची खरेदी-विक्री आणि भाड्याची कामं करतो. ह्या धंद्यात चोवीस वर्षं झाली. त्यातली वीस-एकवीस सरळ गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते 2016 च्या पावसाळ्याचं.

तेव्हा आम्ही दोघं भागीदार होतो. मी फिरायचो, जाहिराती तो लिहायचा. मांडवीच्या बाजूच्या एका जुन्या वन बीएचकेची जाहिरात त्याने लिहिली: 'सी टच, प्रशस्त, 620 चौ. फूट, लवकरच रिडेव्हलपमेंट.' मी वाचली आणि जाऊ दिली. हे मुद्दाम सांगतो, कारण आता सगळा दोष त्याच्यावर ढकलणं सोपं आहे. बोरिवलीचं एक कुटुंब रात्रीच्या गाडीने आलं, टोकन देऊन गेलं, आणि महिन्याभराने सुताराला घेऊन परत आलं. सुताराने टेप काढला. हॉलमध्ये त्यांचं कपाट बसेना. समुद्र बघायचा तर गच्चीवर जावं लागायचं. रिडेव्हलपमेंटचं सोसायटीत कोणी नावसुद्धा काढलं नव्हतं. टोकन परत केलं, पण आमची जाहिरात त्यांच्या गावच्या मुंबईकरांच्या ग्रुपवर फिरली आणि पुढे सात महिने एकही व्यवहार झाला नाही. गणपतीत भागीदार गेला. जाताना फोन नंबरांचं रजिस्टर घेऊन गेला आणि माळनाक्याच्या बाजूला स्वतःचं ऑफिस टाकलं. ते रजिस्टर दोघांचं होतं, एवढंच म्हणतो.

त्या मंदीत एकच माणूस दारात आलं, काकी. निवृत्त शिक्षिका. त्यांचं पहिलं घर मीच दाखवलेलं. मुलगा पुण्याला, म्हणून त्यांना 1989 च्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचा होता. म्हणाल्या, "तूच विक. पण तुमच्या त्या जाहिरातीसारखं काही लिहू नकोस हो. मला या गावात तोंड दाखवायचं आहे."

ती जाहिरात लिहायला मला दोन दिवस लागले. टेप, छोटी हातोडी, ओल मोजायचं यंत्र आणि वही, एवढंच सामान. यंत्र तेव्हा नवीन घेतलं होतं. त्याच्या आकड्यावर फार विसंबू नये, क्षाराच्या भिंतीवर तो उगाच चढतो. पण कोरड्या भिंतीशी तुलना करायला बरं पडतं.

आधी मापं. हॉल दहा बाय चौदा, बेडरूम दहा बाय अकरा, स्वयंपाकघर आठ बाय नऊ, मग पॅसेज, न्हाणीघर आणि संडास. सगळं मिळून 382 चौरस फूट. रेरा कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रात, धरतात, बाहेरच्या भिंती आणि स्वतःची बाल्कनी धरत नाहीत. आतल्या भिंतींचे पंधराएक फूट धरून 397 झालं. बंद करून घेतलेली बाल्कनी 35 फूट, ती वेगळी. दोन्हींची बेरीज 432, त्यावर वीस टक्के चढवले की साधारण 520 होतात, आणि करारनाम्यात बिल्टअप म्हणून 520 हाच आकडा आहे. भागीदाराने मांडवीच्या फ्लॅटला लिहिलेल्या 620 सारखा आकडा जिना आणि लॉबी वाटून घेतली तरच येतो. म्हणून मी कार्पेट, बाल्कनी आणि करारनाम्यातला आकडा असे तिन्ही लिहिले. गिऱ्हाईकाच्या मनात कपाटाची जागा असते, त्याला जिन्याचा वाटा काय कामाचा?

मग पश्चिमेची भिंत. खाऱ्या वाऱ्याचा आणि पावसाचा मार आमच्याकडे त्याच बाजूने. हातोडीने हळू वाजवत गेलो. खिडकीखाली हातभर जागेत पोकळ आवाज आला, प्लास्टर सुटलेलं. यंत्राचा काटा तिथेच चढला, समोरच्या भिंतीवर नाही. काकी म्हणाल्या, ऑगस्टात तिथे डाग येतो, दिवाळीपर्यंत वाळतो. आता अशा वेळी दोन मोह होतात. एक म्हणजे गप्प बसून रंग मारायचा. दुसरा म्हणजे 'किरकोळ ओल' लिहून मोकळं व्हायचं. किरकोळ कोणाला? मी लिहिलं: 'बेडरूमची पश्चिम भिंत खिडकीखाली पावसाळ्यात ओली होते, हातभर जागा. तिथलं प्लास्टर बदलावं लागेल.' उलट 'इमारत भक्कम' हे लिहिलं नाही. आतली सळई गंजली आहे की नाही हे हातोडी सांगत नाही. तीस वर्षांच्या आसपासच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल लागतो. तो सोसायटीकडे होता, म्हणून त्याची तारीख दिली आणि 'प्रत ऑफिसात बघायला मिळेल' लिहिलं. अहवाल नसता तर 'अहवाल झालेला नाही' लिहिलं असतं, बाकी माझं मत कोणी विचारलेलं नाही.

रिडेव्हलपमेंटबद्दल तर एक अक्षरही नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव हातात असेल तरच लिहावं, चेअरमन पायऱ्यांवर काय बोलले ते नव्हे.

पण नुसते दोष लिहून घर विकत नाही, हेही तितकंच खरं. काकींच्या फ्लॅटचं खरं बळ मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. मी हॉलमध्ये जमिनीवर बसून वही लिहीत होतो आणि पंखा बंद असूनही कागद उडत होता. हॉलची खिडकी आणि स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर. तेच पहिल्या वाक्यात घातलं: 'दुपारी दोन वाजता पंखा न लावता हॉलमध्ये बसता येतं.' नळाचं पाणी, शिवाय सोसायटीची विहीर. समुद्र घरातून दिसत नाही, गच्चीवरून दिसतो, मांडवीला चालत बारा मिनिटं. ती बारा मिनिटं मी काकींना बरोबर घेऊन मोजली. तरुण पोराच्या पायाने मोजाल तर आठ येतील.

फोटो साध्या लेन्सने, छातीच्या उंचीवरून काढावेत. मोबाईलची 0.5x लेन्स लावली की दहा फुटांचा हॉल लग्नाचा हॉल दिसतो आणि दार उघडताक्षणी गिऱ्हाईकाचा चेहरा उतरतो. ओल्या भिंतीचाही फोटो टाकला.

लिफ्ट नाही, हे शेवटी लपवलं नाही, वर आणलं: 'तिसरा मजला, लिफ्ट नाही, 54 पायऱ्या.' ज्याचे गुडघे दुखतात तो येतच नाही, आणि त्याचा तिकिटाचा खर्च वाचतो. तीन आठवड्यांत चौघं आले, सगळे वाचून आलेले. चिपळूणच्या एका जोडप्याने घेतला. भाव मागितल्यापेक्षा थोडा कमी मिळाला. प्लास्टरचा खर्च वजा करा म्हणाले, तो आम्ही जाहिरातीतच कबूल केला होता. शेजारच्या इमारतीतला तसलाच फ्लॅट माळनाक्याच्या ऑफिसातून 'सी व्ह्यू' म्हणून अकरा महिने फिरत होता.

व्यवहाराच्या दिवशी त्या जोडप्यातल्या बाई माझी छापलेली जाहिरात घेऊनच वर आल्या. धापा टाकत म्हणाल्या, "भाऊ, सत्तावन्न आहेत." फाटकातून ओट्यावर चढायच्या तीन मी मोजल्याच नव्हत्या. काकी तोंडाला पदर लावून हसत होत्या.