एमसीबीला एमसीबीच राहू दिलं

मंगळवार, रात्री उशिरा

आज घरातल्या वायरिंगच्या माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर पूर्ण करायचं ठरवलं होतं आणि एकाच शब्दावर अडकून बसले. मूळ कागदात एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे बोर्डावरचे सप्लाय आपोआप तोडणारे खटके, हे दोन शब्द इतक्या वेळा आहेत की त्यांचं काय करायचं ते ठरल्याशिवाय पुढचं पान लिहिताच येईना. पहिल्या खर्ड्यात मी एमसीबीला 'लघु परिपथ वियोजक' लिहिलं होतं. कोशाच्या हिशेबाने ते ठीकच वाटत होतं.

दुपारी मावशीला तो कागद दिला आणि म्हटलं, बोर्डासमोर उभी राहा आणि यात लिहिलंय तसं कर. ती वाचत गेली, बोट एकेका खटक्यावरून फिरलं आणि मग थांबलं. "हे वियोजक कुठलं गं? एमसीबी पडली तर ती वर करायची, एवढं मला माहीत आहे." पडली म्हणाली ती. म्हणजे शब्दाला लिंग मिळालंय, क्रियापद मिळालंय, घराघरात एमसीबी पडते, उडते, ट्रिप होते. कोणी पडला म्हणतं कोणी पडली, पण त्या वस्तूला दुसरं नाव कोणी घेत नाही. मग मीच नवीन नाव देऊन तिला तिच्याच बोर्डासमोर का अडवू?

आणि माझा शब्द नुसता अवघडच नव्हता, चुकीचाही होता हे संध्याकाळी लक्षात आलं. एमसीबीतला एम म्हणजे मिनिएचर, तो ब्रेकर आकाराने लहान एवढाच अर्थ, पण 'लघु परिपथ' वाचलं की डोक्यात शॉर्ट सर्किट येतं, म्हणजे वाचणारा समजणार हा फक्त शॉर्ट सर्किटसाठी आहे. एमसीबी तर दोन कामं करते. जास्त लोड बराच वेळ राहिला की आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो, आणि शॉर्ट सर्किट झालं की कॉइल त्याला क्षणात पाडते. एमसीबी एवढंच लिहिलं असतं तर हा गोंधळ झालाच नसता.

आरसीसीबीचं मात्र इतकं सोपं नाही. मावशीला ते नाव माहीतच नव्हतं, आणि वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, ईएलसीबी म्हणा ना, सगळे तेच म्हणतात." खरं आहे, पण ईएलसीबी नावाची जुनी जात अर्थिंगच्या वायरवर येणारा व्होल्टेज बघायची, आणि आताची आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का ते बघते, फरक ३० मिलीअँपपर्यंत पोचायच्या आत सप्लाय तोडते. नाव जुनं, वस्तू नवी. म्हणून ठरवलं की आरसीसीबी हाच शब्द ठेवायचा कारण वस्तूवर बहुतेक तोच छापलेला असतो, पण पहिल्यांदा येईल तिथे सरळ मराठीत लिहायचं: करंट गळाला तर सप्लाय तोडणारी, वायरमन जिला ईएलसीबी म्हणतात ती. पुढे मग फक्त आरसीसीबी. शिवाय एक वाक्य घातलंच, की ही जास्त लोडला पडत नाही, तिच्यावर ४० अँपिअर छापलेलं असतं ती तिची करंट वाहून न्यायची ताकद, ट्रिप व्हायचा आकडा नाही, त्यामुळे एमसीबी लागतेच. या आकड्याने लोक फार फसतात आणि ते नावाच्या भाषांतराने सुटणारं नाही.

एक उलटं उदाहरणही आज सापडलं. मिलीअँपिअरचं छोटं रूप मी 'एमए' लिहिलं होतं, कारण बाकी छोटी रूपं ठेवली तर हेही ठेवावं. पण '३० एमए' वाचून कुणालाही डिग्रीच आठवेल, आणि इंग्रजी अक्षरांत जे लहानमोठं असतं ते देवनागरीत उरतच नाही, म्हणजे मिली की मेगा हे कळायची सोयच नाही. तिथे मिलीअँप असं पूर्ण लिहिलं.

रात्री मावशीला नवीन पान परत दिलं. तिने आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण बरोबर शोधलं, दाबलं, खटका पडला, अंधार झाला, आणि अंधारातच विचारलं, "म्हणजे अर्थिंग पण चांगलं आहे ना?" नाही. ते बटण आतल्या एका रेझिस्टरमधून खोटी गळती तयार करतं, त्याने फक्त आरसीसीबी चालते का एवढंच कळतं, घराचं अर्थिंग कळत नाही. हे पानावर नव्हतंच. आता बटणाच्या ओळीखालीच घातलंय, आणि अर्थिंगला अर्थिंगच म्हटलंय.