डोळे झाकून घ्या, ताई

पुण्यात नोकरी लागून आठ महिने झाले होते. लॅबमध्ये सकाळी सातची ड्युटी आणि वारज्याहून पहिली बस कधी येईल याचा भरवसा नाही. नवीन स्कूटर परवडणारी नव्हती, म्हणून चाळीस हजारांत जुनी ॲक्टिव्हा शोधायला लागले. ही गोष्ट २०२३ सालची.

पहिली मनात भरलेली गाडी २०१७ ची होती. मीटरवर १९,३४० किलोमीटर, रंग चकचकीत, मागणी बेचाळीस हजार. विकणारा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. मी काही विचारायच्या आतच उत्तरं तयार. "ताई, लेडीज वापर आहे. अपघात नाही, काही नाही. डोळे झाकून घ्या." बटन दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू. मी तिथेच टोकन द्यायला निघाले होते. सुदैवाने बार्शीहून दादाचा फोन आला, "मेकॅनिकला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस."

आमच्या गल्लीतले गॅरेजवाले काका तीनशे रुपयांत यायला तयार झाले. दुसऱ्या दिवशी दहाची वेळ ठरली, आणि काकांच्या सांगण्यावरून मी मेसेजही केला होता की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर काकांनी गाडीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. वाकून सायलेन्सरजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. गरम होता.

"कुठे फिरवून आणली का?"

"नाही हो, उन्हात उभी होती ना."

गाडी जिन्याखाली सावलीत उभी होती.

काका वाद घालत बसले नाहीत. मला म्हणाले, "चल, चहा घेऊ." समोरच्या टपरीवरून गाडी दिसत होती. तिथे आम्ही दीड तास काढला, दोन चहा आणि एक क्रीमरोल. तेवढ्यात काकांनी मला समजावलं. इंजिन तापलेलं असलं की झिजलेली गाडीसुद्धा पटकन चालू होते. खरा आजार कळतो थंड इंजिनावर. म्हणून शहाणा विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी एक चक्कर मारून ठेवतो.

दीड तासाने बटन दाबलं तर इंजिन नुसतंच घरघरलं. मग किक. सहाव्या किकला गाडी लागली आणि मागून निळसर धुराचा लोट निघाला. थंडीतल्या सकाळी पांढरी वाफ दिसते, ती पाण्याची, दोन मिनिटांत जाते आणि तिचं काही मनावर घ्यायचं नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. फक्त चालू करताना दिसला आणि थांबला तर बहुतेक व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात, रेस केल्यावरही येत राहिला तर रिंग आणि पिस्टनकडे संशय जातो. या गाडीचा थांबत नव्हता. "सहा-सात हजारांचं काम आहे," काका हळूच म्हणाले.

"अहो ताई, नवीन ऑइल टाकलंय, जरा जास्त झालं असेल," विकणारा म्हणाला. आवाजात तोच भरवसा. मला पहिल्यांदाच जाणवलं की या माणसाच्या आवाजाचा आणि गाडीचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मग मीच कागद मागितले. डिकीतल्या प्लास्टिकच्या पाकिटात पियुसी, विमा आणि घडी घालून विसरलेली एक सर्व्हिसिंगची पावती होती. नंबर याच गाडीचा, तारीख मार्च २०२१, किलोमीटर ३१,८७०.

मी पावती बघितली, मीटर बघितलं, परत पावती बघितली. दोन वर्षांत गाडी साडेबारा हजार किलोमीटर उलटी गेली होती.

"ते होय, मीटर बदललंय. केबल तुटली होती."

काका हसले. मला नंतर म्हणाले की या मॉडेलचं मीटर केबलवर चालतं. केबल काढून गाडी फिरवली तर मीटर जागच्या जागी थांबतं, आणि दुसरं मीटर बसवायला तर पाच मिनिटं लागतात. म्हणून आकडा वाचत बसू नये, उजव्या हाताचं ग्रिप बघावं. त्या गाडीचं ग्रिप साबणासारखं गुळगुळीत झालं होतं आणि पायाखालच्या रबराची नक्षी पार पुसली गेली होती. एकोणीस हजारांत एवढी झीज होत नाही.

खरं तर इथेच निघायला हवं होतं. पण मला आरसी बघायचीच होती. आरसीवर नाव तिसऱ्याच माणसाचं. "मावसभावाची आहे. त्याने फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्यात, तुम्ही फक्त तुमचं नाव भरा." शिवाय आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव अजून तसंच होतं. कर्ज फिटलं असेलही, पण कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते नाव काढल्याशिवाय गाडी माझ्या नावावर होणार नव्हती. पैसे देऊन बसले असते आणि आरटीओच्या नोंदीत मालक तो भाऊच राहिला असता.

"त्यांना एकदा बोलावता का?" मी विचारलं.

"ताई, तुम्हाला गाडी घ्यायचीय की लग्न जमवायचंय?"

मी हेल्मेट उचललं. मागून किंमत अडतीसवर आली, मग पस्तीसवर. कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

पुढे तीन आठवड्यांनी सिंहगड रोडवरच्या एका काकूंची २०१८ ची गाडी बघितली. त्या विकायला इतक्या नालायक की बसल्या बसल्या दोष सांगायला लागल्या. हॉर्न मध्येच बंद पडतो, पुढचा ब्रेक ढिला आहे, चार दिवस गाडी बाहेर काढलेली नाही. बटनाने चालू झाली नाही, बॅटरी उतरली होती. तिसऱ्या किकला लागली आणि धूर नाही. काकांनी डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचललं आणि हँडल सावकाश इकडून तिकडे फिरवलं. बरोबर मधोमध खटकन अडकलं. कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलेलं, हजाराच्या आसपास खर्च. आरसीवर नाव काकूंचंच, पहिल्या मालक, कर्ज नाही. अडतीस हजारांवरून साडेछत्तीसवर ठरलं.

निघण्याआधी मी सरकारच्या mParivahan ॲपवर नंबर टाकून विम्याची तारीख ताडून पाहिली आणि ई-चलनही तपासलं. दोन थकलेली निघाली, दोन्ही विनाहेल्मेट. काकूंचा चेहरा उतरला. मग त्यांनी भाच्याला फोन लावला, आणि पुढची पाच मिनिटं मी आणि काका भिंतीकडे बघत उभे राहिलो. चलन आमच्यासमोरच भरलं गेलं.

बाकीचे पैसे फॉर्मवर सह्या होतील तेव्हाच दिले. एका कागदावर गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघींनी सह्या केल्या, म्हणजे त्या क्षणाच्या आधीचं चलन त्यांचं आणि नंतरचं माझं. किल्ली देताना काकू म्हणाल्या, "हॉर्न तेवढा लगेच करून घे गं."

अजून केलेला नाही.