तुम्ही विचारलंत म्हणून: आवर्ती कलाचा कोरा तक्ता

"सर, आवर्त सारणीतले कल फळ्यावर बाण काढून शिकवले की मुलं बाण पाठ करतात आणि आठवड्यात उलटे काढतात. कोऱ्या चौकटींचा कागद द्या म्हणता, पण तो आखायचा कसा आणि तासाला करायचं काय?"

आधी हे ठरवा की एका कागदावर एकच गुणधर्म घ्यायचा. सुरुवात अणुत्रिज्येपासून करा. आकार डोळ्यांसमोर आणता येतो आणि आकडेही दोन-तीन अंकी असतात. विद्युतऋणता, धातुगुण हे सगळं त्याच कागदावर कोंबलं की बाणांचं जंगल होतं, आणि कुठला बाण कशाचा हे मुलाला सांगता येत नाही.

ए-फोर कागद आडवा धरा. चौकट ३ सेंटिमीटर रुंद आणि अडीच उंच ठेवा. वर दोन पूर्ण ओळी आखा, म्हणजे दुसरं आणि तिसरं आवर्त, प्रत्येकी आठ चौकटी. गण १ च्या रकान्यात खाली आणखी तीन चौकटी जोडा: पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम. आकृती उलट्या एलसारखी दिसते, आणि उजवीकडे खाली २१ बाय साडेसात सेंटिमीटरची जागा उरते. तिथे कारण लिहायचं. गण २ आणि १३ यांच्यामध्ये दुहेरी रेघ किंवा रिकामी जागा सोडू नका. या दोन आवर्तांत बेरिलियमनंतर थेट बोरॉन येतो आणि मॅग्नेशियमनंतर थेट ॲल्युमिनियम. अणुअंक सलग आहेत. मधे फट दिसली की मुलांना वाटतं इथे काहीतरी गाळलंय.

चौकटीत फक्त संज्ञा छापा, बाकी सगळं कोरं. सोलापुरात एकाच बाकावर घरी मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी मुलं बसतात. संज्ञा आणि आकडे सगळ्यांना सारखेच वाचता येतात. आडवं आवर्त आणि उभा गण यांत गोंधळ होत असेल तर मागाचं उदाहरण द्या: उभा ताणा म्हणजे गण, आडवा बाणा म्हणजे आवर्त. ज्यांच्या घरात चादरीचा माग आहे, त्यांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आता क्रम, कारण सगळं काम क्रमावर आहे. पहिल्यांदा मुलं प्रत्येक चौकटीत अणुअंक आणि इलेक्ट्रॉन संरूपण लिहितात: लिथियम २,१, सोडियम २,८,१ असं. मग पेन्सिलने बाण काढतात, एक आडवा, एक उभा. आकड्यांची चिठ्ठी त्यानंतरच वाटायची. ती आधी दिली तर मूल आकडे बघून बाण काढतं आणि विचार करायची वेळच येत नाही. ३५ मिनिटांच्या तासात बाणापर्यंत यायला पंधरा मिनिटं लागू द्या.

बाणाचा एकच नियम ठेवा: टोक नेहमी मोठ्या किमतीकडे, आणि दांड्यावर शब्दांत लिहायचं, "त्रिज्या वाढते". काही तक्त्यांत बाण वाढ दाखवतो, काहींत घट. उलटसुलट बाणांचं अर्धं मूळ इथेच आहे. उरलेलं अर्धं मूळ एका चुकीच्या तर्कात आहे: इलेक्ट्रॉन वाढले म्हणजे अणू फुगला. आडव्या बाणाचं टोक उजवीकडे दिसलं की समजा हाच तर्क चाललाय. त्या मुलाला उत्तर सांगू नका. लिथियम आणि फ्लोरीनच्या चौकटींत दोनच गोष्टी लिहायला लावा: कवचं किती, प्रोटॉन किती. कवचं दोन्हीकडे २, प्रोटॉन ३ आणि ९. कवचं तेवढीच असून ओढणारा प्रभार तिप्पट झाला, तर बाहेरचे इलेक्ट्रॉन जवळ जातील की लांब? बाण तो स्वतःच खोडतो. खोडलेला बाण कागदावर दिसू द्या, रबराने साफ पुसायला सांगू नका.

मग चिठ्ठी. आकडे पिकोमीटरमध्ये, क्रम मोडून, संज्ञा न देता. दुसऱ्या आवर्तात बसायला हवेत ते १५२, १११, ८८, ७७, ७४, ६६, ६४. तिसऱ्यात १८६, १६०, १४३, ११७, ११०, १०४, ९९. गण १ मध्ये खाली २३१, २४४, २६२. दोन शेजारच्या चौकटींमधल्या रेघेवर फरक लिहायला सांगा. लिथियम ते बेरिलियम ४१ ची घट, ऑक्सिजन ते फ्लोरीन फक्त २ ची. सरळ बाण हे दाखवत नाही, म्हणून आकडे हवेतच.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिलं ठिकाण निऑन आणि आरगॉन. त्या चौकटी तिरक्या रेघांनी बंद करा. बाकीच्यांची त्रिज्या धातूतल्या किंवा बंधातल्या दोन अणूंच्या अंतरावरून काढलेली असते. निऑन बंध करत नाही, म्हणून त्याची त्रिज्या वेगळ्या रीतीने मोजतात आणि ती बरीच मोठी येते. फ्लोरीन ६४ च्या शेजारी १६० दिसलं की मूल म्हणतं अणू एकदम फुगला. दुसरं म्हणजे आकडे दोन तक्त्यांतून उचलणं. लिथियमची धातू त्रिज्या १५२ आहे आणि सहसंयुज त्रिज्या १२८. दोन्ही बरोबर, पण एका कागदावर एकच चालेल.

अकरावीला दुसरा कागद आयनीभवन ऊर्जेचा. तिथे वर्ग इंग्रजीतून चालतो, तेव्हा दांड्यावर दोन्ही भाषांत लिहू द्या. दुसऱ्या आवर्तात चारच किमती छापा, किलोज्यूल प्रति मोलमध्ये: लिथियम ५२०, कार्बन १०८६, फ्लोरीन १६८१, निऑन २०८१. मधल्या चार चौकटींत मुलांनी अंदाज लिहायचा. बाणावर भरवसा ठेवून सरळ चढ धरला तर बेरिलियमला साधारण ७०० आणि बोरॉनला ९०० येतात, नायट्रोजनला १२८० आणि ऑक्सिजनला १४८० च्या आसपास. खऱ्या किमती ९००, ८०१, १४०२, १३१४. म्हणजे बोरॉनला आणि ऑक्सिजनला बाण मोडतो. तो मोड लाल पेनने दाखवायचा आणि कारण खालच्या जागेत लिहायचं: बोरॉनचा निघणारा इलेक्ट्रॉन 2p मधला आहे, तो 2s पेक्षा वरच्या ऊर्जेला आणि सैल, ऑक्सिजनमध्ये एका 2p ऑर्बिटलमध्ये जोडी झाल्यामुळे दोघं एकमेकांना ढकलतात. दहावीला ऑर्बिटल नाहीत, म्हणून हा कागद दहावीला देऊ नका. कारण न कळता मोड दिसला तर आधीचा बाणही खोटा वाटायला लागतो.

तपासताना नीटनेटकेपणाला गुण ठेवू नका. त्रिज्येच्या कागदावर शेवटी एकच प्रश्न विचारा: लिथियम मोठा की मॅग्नेशियम? लिथियमवरून मॅग्नेशियमकडे जाताना एक घर खाली उतरावं लागतं, तिथे त्रिज्या वाढते, आणि एक घर उजवीकडे सरकावं लागतं, तिथे ती घटते. ज्याला बाण खरंच कळले, तो थबकतो आणि म्हणतो की नुसत्या बाणांवरून सांगता येणार नाही. मग तो आकडे बघतो: १५२ आणि १६०. दोन ओढी जवळजवळ एकमेकींना खोडतात, आणि लिथियम-मॅग्नेशियमच्या कर्णसंबंधाचा धडा पुढच्या तासाला इथूनच उचलता येतो.