तुम्ही विचारलंत म्हणून: बोनसचे गुण गेले कुठे?

"मॅडम, चाचण्यांचे 56 होते, प्रोजेक्टचे 9 मिळाले. मग टोटल 60 च का? आमचे 5 गुण गेले कुठे?"

हे मला पोरं विचारतात, पालक फोनवर विचारतात, स्टाफरूममध्ये सहकारीही विचारतात. दरवेळी मी अर्धं उत्तर देते, कारण तास सुरू व्हायचा असतो. आज सगळं लिहून टाकते.

ते 5 गुण कुणी कापले नाहीत. नोंदीत 9 आहेत आणि 9 च राहतात. कॉलेजचे गुण आम्ही मूडल या ऑनलाइन यंत्रणेत ठेवतो; तिच्या ग्रेडबुकात, म्हणजे गुणांच्या नोंदवहीत, मी 'चाचण्या' असा एक गट केलाय, त्यात प्रत्येकी 20 च्या तीन चाचण्या. बेरजेची पद्धत `Natural`. प्रोजेक्ट 10 गुणांचा, त्याच गटात, पण त्याच्यापुढे `Extra credit` ची खूण. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की प्रोजेक्टचे मिळालेले गुण बेरजेत धरले जातात, पण त्याचे 10 गटाच्या कमाल गुणांत धरले जात नाहीत. म्हणून गट 70 चा होत नाही, 60 चाच राहतो. आधी सगळी बेरीज होते, मग ती कमाल गुणांच्या वर गेली असेल तर तिथे थांबवली जाते:

```
max   = 20 + 20 + 20 = 60
total = min(18 + 19 + 19 + 9, 60) = 60
```

हे थांबवणं गटाच्या टोटलवर होतं, प्रोजेक्टच्या गुणांवर नाही. आणि एखादा आकडा बदलला की हिशोब पुन्हा मूळ गुणांपासून सुरू होतो, आधी थांबवलेल्या टोटलपासून नाही. त्यामुळे सत्राच्या मध्येच "बोनस बुडाला" म्हणून रडू नका. पहिल्या चाचणीत 18 आणि बोनस 9 असतील तर त्या दिवशी 27 ऐवजी 20 पैकी 20 दिसतात, 7 बुडाल्यासारखे वाटतात. पण पुढच्या दोन चाचण्यांत 15 आणि 14 पडले तर शेवटी 18, 15, 14 आणि 9 मिळून 60 पैकी 56 होतात, आणि त्यात बोनसचा प्रत्येक गुण असतो.

इथपर्यंत मी कुणालाही शांतपणे सांगू शकते. पण वरच्या उदाहरणात एक गोष्ट हळूच सरकून गेली: पहिल्या चाचणीनंतर टोटल 20 ला थांबली, 60 ला नाही. ती का, हे मला स्वतःला नीट कळायला एक फार वाईट दुपार जावी लागली.

मी संख्याशास्त्र शिकवते. त्या वर्षीचा बोनस प्रोजेक्ट असा होता: लासलगावच्या बाजार समितीतले कांद्याचे भाव चार आठवडे रोज टिपायचे, किमान, कमाल आणि सर्वसाधारण, आणि त्यावरून आलेख आणि विचलन काढायचं. वर्गात उभी राहून मी म्हणाले होते, "करायचं त्यानं करा, बोनसनं नुकसान कुणाचंच होत नाही." हे वाक्य माझंच आहे, ते मी नाकारत नाही.

निफाडहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी होती. तिची वही अजून डोळ्यांसमोर आहे. दोनशे पानी, निळ्या कव्हरची, प्रत्येक पानावर तारीख, आवक, तीन भाव, आणि ज्या दिवशी लिलाव बंद होते त्या दिवशी रिकामी ओळ सोडून शेजारी लिहिलेलं 'बंद'. शून्य नाही लिहिलं. 'भाव शून्य नव्हता, भाव नव्हताच,' असं तिनं मला समजावलं होतं. मी तिला 10 पैकी 9 दिले. तिच्या चाचण्या 17, 16, 15.

त्याच वर्गात दिंडोरीकडचा एक मुलगा. हुशार, पण फेब्रुवारीतल्या तिसऱ्या चाचणीला आला नाही. घरी द्राक्षांची तोडणी चालू होती, मजूर मिळत नव्हते. रजेचा अर्ज नव्हता. त्याच्या चाचण्या 17 आणि 16, तिसऱ्या रकान्यात मी काहीच भरलं नाही, तिथे नुसती आडवी रेघ. प्रोजेक्टचे 8.

विभागाच्या तक्त्यात चाचण्यांचे गुण 20 पैकी द्यायचे असतात. मी ग्रेडबुकातले टक्के घेतले आणि 20 वर आणले. तक्ता सूचनाफलकावर लागला. मुलगी 19. मुलगा 20.

ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा भांडली नाही. वही घेऊन आली होती, ती टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, तो एका पेपरला बसलाच नाही ना?" मी म्हणाले, टंकताना चूक झाली असेल, बघते. लॅपटॉप उघडला. टंकताना चूक नव्हती. त्याच्या गटापुढे 100.00 % होते.

मग मी त्याचा स्वतंत्र अहवाल उघडला, `User report`, आणि `Range` चा रकाना पाहिला. तिच्यापुढे 0–60 होतं. त्याच्यापुढे 0–40.

गटाच्या सेटिंगमध्ये `Exclude empty grades` ला खूण होती. मीच ठेवली होती, आणि विचार करून ठेवली होती: ही खूण काढली तर न झालेली चाचणीही शून्य धरली जाते, आणि जुलैत सगळा वर्ग नापास दिसतो. पोरं घाबरतात. पण खूण असेल तर रिकामा रकाना नुसता बेरजेतून वगळला जात नाही, तो त्या विद्यार्थ्याच्या कमाल गुणांतूनही वगळला जातो. म्हणजे टोटल कुठे थांबवायची ही मर्यादा सगळ्या वर्गाची एकच नसते, ज्याची त्याची वेगळी असते. त्याची मर्यादा 40. त्याचे 17, 16 आणि 8 मिळून 41. एक गुण मर्यादेवर थांबला आणि उरले 40 पैकी 40. तिचे 17, 16, 15 आणि 9 मिळून 57, 60 पैकी, म्हणजे 95 टक्के.

बोनस नसता तरी तो 82.5 टक्क्यांवर आणि ती 80 वर असती. म्हणजे गैरहजेरीचा फायदा आधीपासून होताच, बोनसनं तो दुप्पट केला, कारण 8 गुण 60 मध्ये पडण्यापेक्षा 40 मध्ये पडले की जास्त उंच दिसतात. आणि मर्यादेनं तो फरक झाकला. 40 पैकी 41 असं काही दिसलं असतं तर मी थबकले असते. 40.00 पाहून कोण थबकतं? टोटल थांबवली गेली आहे असं सांगणारी कसलीही खूण त्या आकड्यापाशी नसते.

मी त्याच्या तिसऱ्या रकान्यात 0 भरला. मर्यादा लगेच 60 झाली, टोटल 41, टक्के 68.33, 20 पैकी 13.67. एका आकड्यानं 20 चे 13.67 झाले. तक्ता बदलून लावला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला, आणि त्याचंही म्हणणं खोटं नव्हतं: "मॅडम, तुम्ही चाचणी शून्य धरणार हे आधी सांगितलं नव्हतं." नव्हतंच सांगितलं. वहीत 'बंद' लिहिणाऱ्या मुलीनं मला जे शिकवलं होतं, त्याच्या नेमकं उलट मी त्याच्या रकान्यात केलं होतं. शेवटी त्याची फेरचाचणी घेतली, 14 मिळाले, 55 झाले. तीसुद्धा सगळ्यांना पटली नाही.

आता तुमच्या 5 गुणांकडे परत येते. सहकारी सांगतात, मर्यादाच काढून टाक. साइटच्या सेटिंगमध्ये `Unlimited grades` आहे, ते चालू केलं की टोटल 65 दिसेल. खरं आहे. पण ते माझ्या विषयापुरतं नाही, सगळ्या कॉलेजच्या साइटला लागतं, आणि मग 20 च्या चाचणीत कुणी 18 ऐवजी 81 टंकलं तरी यंत्रणा अडवत नाही. आमचे अॅडमिन नाही म्हणाले. मी आधी चिडले होते, आता मला त्यांचं बरोबर वाटतं.

दुसरा मार्ग, प्रोजेक्ट गटाबाहेर काढून थेट विषयाच्या टोटलमध्ये ठेवायचा. समजा चाचण्या 60, प्रात्यक्षिक 20, गृहपाठ 20. तुमचे 56, 17, 16. बोनस चाचण्यांच्या गटात असेल तर 60 आणि 33, म्हणजे 93. बाहेर असेल तर 89 आणि 9, म्हणजे 98. मर्यादा आता 100 ची, तिथवर जागा आहे, म्हणून पाचही गुण टिकतात. पण ते टिकतात ते प्रात्यक्षिकातली आणि गृहपाठातली तूट भरून. कांद्याचे भाव टिपले म्हणून प्रात्यक्षिकात चुकलेलं माफ करायचं का? शिवाय विभागाच्या तक्त्यात तीनच रकाने आहेत, बोनसला चौथा नाही. मग ते 9 मी कुठे लिहू?

हे लिहिताना वाटतं की मी स्वतःचाच बचाव करतेय. एका वर्षी मी बोनस बाहेर ठेवलाही होता. त्या वर्षी प्रात्यक्षिकाला निम्मी हजेरी असलेली पोरं बोनसवर तरली, आणि तेव्हा मीच मर्यादेच्या बाजूनं बोलत होते. मर्यादा असली की 56 वाल्याला 4 मिळतात आणि 40 वाल्याला पूर्ण 9. ज्याची तूट जास्त त्याला आधार जास्त, असं मी तेव्हा म्हणायचे. पण ज्या मुलीनं चार आठवडे रोज भाव टिपले, तिनं आधार मागितला नव्हता, केलेल्या कामाची नोंद मागितली होती. हे दोन्ही मला एकाच वेळी खरं वाटतं आणि ग्रेडबुकात त्यासाठी दोन रकाने नाहीत.

म्हणून सध्या मी एवढंच करते. बोनसचे गुण सगळ्यात शेवटी भरते. त्याआधी तिन्ही चाचण्यांच्या रकान्यांवरून एकदा नजर फिरवते, आणि जिथे आडवी रेघ दिसते त्या विद्यार्थ्याला बोलावून विचारते, मग 0 की फेरचाचणी हे ठरवते. त्यानंतर प्रत्येकाचा `Range` 0–60 आहे ना, हे पाहते. पहिल्या तासालाच फळ्यावर 60 ची मर्यादा आणि गैरहजेरीचं शून्य, दोन्ही लिहिते.

या सत्रात दोन रेघा आहेत. एक पिंपळगावची, एक ओझरची. फेरचाचणी सोमवारी आहे, आणि बोनसचा रकाना तोवर मी मोकळा ठेवलाय.