सणाच्या सेलआधी लिस्टिंग बदलल्या, काही मुद्दाम तशाच ठेवल्या

मी हाताने बनवलेल्या मेणबत्त्या ऑनलाइन विकते. सणांच्या आधी टायटल, टॅग आणि फोटो बदलले की विक्री वाढते, पण त्या दिवसांत सगळ्यांचीच विक्री वाढत असते. मग वाढ बदलामुळे झाली की हंगामामुळे, हे कळायचं कसं?

म्हणून यंदा साधारण सारख्या खपाच्या लिस्टिंगचे तीन गट केले. एकात फक्त टायटल आणि टॅग बदलले, दुसऱ्यात फक्त पहिला फोटो, तिसऱ्याला हातच लावला नाही. जुनं टायटल, जुना फोटो आणि बदलाची तारीख शीटमध्ये लिहून ठेवली. सवलत आणि जाहिराती या काळात बंद ठेवल्या, कारण त्या मध्ये आल्या की कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. हे सगळं सेलच्या बरंच आधी केलं, कारण नवे शब्द सर्चमध्ये रुळायला वेळ लागतो.

टायटलमध्ये आधी 'सुंदर', 'खास' असे शब्द होते. तसं कोणी शोधत नाही. ते काढून वस्तू, सुगंध आणि 'भेट देण्यासाठी' हे सुरुवातीलाच आणलं, कारण मोबाइलवर टायटलचा शेवट कापला जातो. टॅगमध्ये तेच शब्द पुन्हा न लिहिता लोक शोधतात ते वेगळे प्रसंग आणि रंग घातले.

मग आकडे पाहिले. हात न लावलेल्या गटात सर्चमध्ये दिसण्याचं प्रमाण हजारावरून दीड हजारावर गेलं होतं. ही हंगामाची वाढ. टायटल बदललेल्या गटात तेच हजारावरून एकवीसशेवर गेलं. म्हणजे आकडा दुपटीहून जास्त झालेला दिसत असला, तरी हंगामाच्या दीड हजाराशी तुलना केली तर बदलाची खरी कमाई सुमारे ४० टक्के. तिसरा गट नसता तर सगळं श्रेय मी टायटललाच दिलं असतं.

फोटोचं गणित जास्त शिकवणारं निघालं. सजवलेल्या टेबलावरच्या नव्या फोटोमुळे शंभर वेळा दिसल्यावर दोनऐवजी तीन क्लिक येऊ लागले, पण ऑर्डर जवळपास तेवढ्याच राहिल्या. कारण मेसेजमधून उमगलं: "स्टँड सोबत मिळतो का?" लोक स्टँडच्या ओढीने आत येत होते. स्टँड काढून मेणबत्ती हातात धरलेला फोटो लावला, त्यात आकारही कळतो. क्लिक थोडे उतरले, पण आलेल्यांपैकी घेणारे वाढले.

एक मर्यादा आहे. ज्या लिस्टिंगला पाच-सहाच ऑर्डर येतात, तिथे दोन ऑर्डर वाढल्या म्हणून काही सिद्ध होत नाही. त्यामुळे मी एकेक लिस्टिंग न बघता पूर्ण गटाची बेरीज धरली. टायटलचा बदल सगळीकडे लावला, हातातला फोटो फक्त लहान आकाराच्या मेणबत्त्यांना, आणि सेल सुरू झाल्यावर काहीच बदललं नाही.